३२ इंची फोर के पडद्यावर खिडक्या: आधी सेंटीमीटर मोजा, मग मांडणी करा

प्रश्न: "दादा, शाहूपुरीत आमचं जीएसटीचं छोटं ऑफिस आहे. २४ इंची फुल एचडी मॉनिटर काढून ३२ इंची फोर के घेतला. चार कोपऱ्यांत चार खिडक्या लावल्यात: खरेदीची एक्सेल, बिलाची पीडीएफ, जीएसटी पोर्टल, व्हॉट्सअॅप. जागा जास्त मिळावी म्हणून स्केल १००% ठेवलंय. पण आकडे इतके बारीक दिसतात की दुपारनंतर डोळे भरून येतात, आणि स्केल वाढवलं की काहीच मावत नाही. मॉनिटर चुकीचा घेतला का?"

मॉनिटर बरोबर घेतलाय, मांडणी बदलावी लागेल. कोल्हापुरातल्या ऑफिसांतून संगणक बसवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि तुमच्यासारखा पडदा दर एक-दोन महिन्यांनी कुठे ना कुठे लावतो. फोर के म्हणजे चार फुल एचडी पडदे, हे ऐकून सगळे पहिल्या दिवशी चार चौकोन करतात. ठिपक्यांचा हिशेब म्हणून ते खरं आहे. पण वाचायचं असतं सेंटीमीटरमध्ये, म्हणून शिंप्याची टेप घ्या आणि पडदा मोजा.

तुमचा जुना २४ इंची पडदा सुमारे ५३ सेंमी रुंद होता. त्यावर १९२० ठिपके, म्हणजे एका सेंटीमीटरला ३६. नवा ३२ इंची सुमारे ७१ सेंमी रुंद आणि जवळजवळ ४० सेंमी उंच आहे. त्यावर ३८४० ठिपके, म्हणजे सेंटीमीटरला ५४. स्केल १००% ठेवलं की विंडोज अक्षराला पूर्वीइतकेच ठिपके देते, पण ते ठिपके आता दीडपट दाट आहेत. म्हणून अक्षर दोन तृतीयांश होतं. एक्सेलमधला कॅलिब्री ११ चा आकडा पूर्वी सुमारे अडीच मिलिमीटर उंच होता, तो आता पावणेदोनच्याही खाली गेला. डोळे भरून यायचं कारण हेच.

आता स्केल १५०% करा. विंडोजच्या हिशेबाने पडदा २५६० बाय १४४० चा होतो. २५६० ला ७१ ने भागा: पुन्हा सेंटीमीटरला ३६. म्हणजे अक्षर अगदी जुन्या पडद्याएवढंच. फरक एवढाच की जो आकडा पूर्वी उंचीला ९ ठिपक्यांत काढला जायचा, तो आता १४ ठिपक्यांत काढला जातो. ६ आणि ८ मधला फरक एका नजरेत कळतो. आमच्या कामात ही मोठी गोष्ट आहे. पूर्वी एका ऑफिसात मीच १००% वर चार चौकोन लावून दिले होते. तिथे एका बिलाच्या रकमेत ८ चा ३ वाचला गेला, आणि ताळमेळ जुळेना म्हणून दोघांचा अर्धा दिवस गेला. तेव्हापासून मी आधी अक्षराचं माप पक्कं करतो आणि उरलेल्या जागेत काय मावेल ते नंतर बघतो.

म्हणजे खरी कमाई किती झाली? रुंदीत १८ सेंमी आणि उंचीत १० सेंमी. एवढीच आहे, पण नीट वापरली तर तुमच्या कामाला पुरून उरते.

चार चौकोन १५०% वर का जमत नाहीत तेही मोजून बघा. एक चौकोन सुमारे ३५ सेंमी रुंद आणि १९ सेंमी उंच मिळतो. रुंदी ठीक आहे, अडचण उंचीची आहे. एक्सेलचं शीर्षक, वरची रिबन, सूत्राची पट्टी, कॉलमची अक्षरं आणि खालची शीटची नावं मिळून सात-साडेसात सेंमी खातात. आकड्यांना बारा सेंमीही उरत नाहीत. एक ओळ अर्ध्या सेंमीहून जरा जास्त, म्हणजे वीस-एकवीस ओळी. त्याच एक्सेलला पडद्याची पूर्ण उंची दिली तर पंचावन्नच्या आसपास ओळी दिसतात. प्रत्येक खिडकी वरच्या पट्ट्यांचा खर्च एकदा घेतेच. खिडक्या एकाखाली एक लावल्या की तो खर्च दोनदा होतो, शेजारी शेजारी उभ्या लावल्या की एकदाच. म्हणून या मापाच्या पडद्यावर मी नेहमी उभे पट्टे पाडतो. पडदा ४३ इंची असता तर गोष्ट वेगळी होती. त्याचा एक चौकोन साडेसत्तेचाळीस सेंमी रुंद आणि सत्तावीस सेंमी उंच असतो, म्हणजे जवळजवळ साडेएकवीस इंची मॉनिटरच. तिथे चार कोपरे खुशाल लावावेत.

आता तुमच्या खिडक्यांना खरोखर किती रुंदी लागते ते बघू. मोजायची पद्धत सोपी आहे. स्केल १५०% वर ठेवा, खिडकीची कडा धरून आत ओढत या, आणि काही कापलं जायला लागलं की थांबा. तिथे टेप लावा. पडद्यावर दाबू नका, नुसती समोर धरा.

तुमच्या खरेदीच्या एक्सेलमध्ये मी धरतो ते कॉलम असे: पार्टीचं नाव, १५ अक्षरी जीएसटीआयएन, बिल नंबर, तारीख, करपात्र रक्कम, आयजीएसटी, सीजीएसटी, एसजीएसटी, फरक आणि शेरा. नावाला २८ आणि शेऱ्याला २० रुंदी दिली, बाकीच्यांना गरजेपुरती, तर डावीकडचे ओळ क्रमांक आणि उजवीकडची सरकपट्टी धरून सगळं मिळून साडेबत्तीस सेंमीच्या आत बसतं. एक्सेलचा झूम १००% वर ठेवूनच हा हिशेब आहे. इथे बहुतेक जण चूक करतात. मावत नाही म्हणून झूम ८०% वर आणतात, आणि स्केल वाढवून जे कमावलं ते परत घालवतात. झूमला हात लावायचा नाही. ताळमेळाला नको असलेले कॉलम लपवायचे. पार्टीचा पत्ता, राज्याचा कोड, एचएसएन असे कॉलम त्या वेळी कोणी वाचत नाही. रिबनही Ctrl+F1 ने मिटवून ठेवा, आणखी चार-पाच ओळी दिसू लागतील.

पीडीएफचं माप तर बिल हातात घेऊनच कळतं. ए४ कागद २१ सेंमी रुंद आणि २९.७ सेंमी उंच. पट्टा २४ सेंमीचा केला आणि बाजूची यादीची पट्टी बंद ठेवली, तर पान झूम ९५ ते १०० च्या आसपास कागदाएवढंच दिसतं. खिडकीच्या वरच्या पट्ट्या वजा केल्या तरी उंचीत सुमारे पस्तीस सेंमी उरतात, म्हणून अख्खं पान न सरकवता समोर राहतं. वर पार्टीचा जीएसटीआयएन आणि खाली एकूण कर, दोन्ही एका वेळी. जुन्या २४ इंचीची उंची अख्खी तीसच सेंमी होती, त्यावर हे कधीच जमलं नसतं. कागदाचं बिल पडद्याशेजारी धरून अक्षरं जुळतात का बघा. जुळली की पट्टा बरोबर आहे.

३३ एक्सेलला आणि २४ पीडीएफला दिले की ७१ पैकी १४ सेंमी उरतात. हा उरलेला पट्टा व्हॉट्सअॅप आणि कॅल्क्युलेटरचा. याच्याखाली जाऊ नका. बरेच प्रोग्रॅम सुमारे १४ सेंमीच्या खाली आक्रसायला नकारच देतात, क्रोमही त्यातलाच. अरुंद पट्ट्यात अशी खिडकी टाकली की ती शेजारच्या खिडकीवर चढते. एक्सेलचा शेवटचा कॉलम सारखा झाकला जात असेल, तर शेजारच्या खिडकीची किमान रुंदी पट्ट्याहून जास्त आहे असं समजा.

क्रमाचाही विचार करा. ७१ सेंमी रुंद पडदा पाऊण मीटरवरून बघताना दोन्ही कडांकडे मान थोडी वळतेच. डावीकडे बिल, मध्ये एक्सेल, उजवीकडे व्हॉट्सअॅप असं ठेवा. नजर दिवसभर बिलावरून एक्सेलवर जाते, तेव्हा त्या दोन खिडक्यांमधली कड तुमच्या नाकासमोरून जरा डावीकडे यायला हवी. खुर्ची पडद्याच्या बरोबर मध्ये असेल तर या मांडणीत ती आपोआप तिथेच येते. व्हॉट्सअॅप कडेला गेल्याचा एक फायदाही आहे, पार्टीने फोटो पाठवला की दिसतो, पण नजर सारखी तिकडे ओढली जात नाही.

आता हे पट्टे पडद्यावर कायमचे आखायचे. विंडोज ११ मध्ये Win+Z दाबलं की तयार मांडण्या दिसतात. त्यात मधला पट्टा मोठा आणि दोन्ही बाजूंना लहान अशी एक आहे, पण तिचे भाग पाव, अर्धा, पाव असे असतात. तुमच्या पडद्यावर म्हणजे पावणेअठरा, साडेपस्तीस, पावणेअठरा सेंमी. पावणेअठरात पीडीएफचं बिल वाचता येणार नाही. दोन खिडक्यांमधली कड धरून ओढली की दोन्ही खिडक्या एकदम लहान-मोठ्या होतात, तसं करून माप जुळवता येतं. पण संगणक बंद करून चालू केला की ते पुन्हा करावं लागतं. ज्या ऑफिसात बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायला परवानगी नसते तिथे मी एवढ्यावरच भागवतो.

तुमचं स्वतःचं ऑफिस आहे, तर मायक्रोसॉफ्टचंच फुकट मिळणारं पॉवरटॉइज टाका. टर्मिनल उघडून हे लिहिलं की झालं:

```
winget install --id Microsoft.PowerToys --source winget
```

त्यात FancyZones नावाचा भाग आहे. तो चालू करून Win+Shift+` दाबा. हे उलटं चिन्ह Esc च्या खालच्या बटणावर असतं. नवी मांडणी तयार करा, प्रकार Grid निवडा. संपादकात पडद्यावर माउस नेला की एक रेघ दिसते, क्लिक केलं की तिथे पडदा दुभागतो. Shift धरलं की रेघ आडवीची उभी, उभीची आडवी होते. दोन उभ्या रेघा पाडा आणि टेप धरून त्या २४ आणि ५७ सेंमीवर ओढून आणा. उजवा पट्टा आडव्या रेघेने दुभागा, वर दोन तृतीयांश व्हॉट्सअॅपला, खाली कॅल्क्युलेटरला. पट्ट्यांमध्ये मोकळी जागा सोडायची सोय असते, ती शून्य करा. दिसायला छान असते, पण तुम्हाला एकेक मिलिमीटर हवाय.

यानंतर कोणतीही खिडकी Shift धरून ओढली की पट्टे उजळतात आणि सोडाल त्या पट्ट्यात ती बसते. सेटिंगमध्ये नवी खिडकी ती मागच्या वेळी ज्या पट्ट्यात होती त्याच पट्ट्यात उघडण्याचा पर्याय आहे, तोही चालू करा. सकाळी एक्सेल उघडलं की मध्येच येईल.

पोर्टल राहिलंच. त्याला चौथा पट्टा देऊ नका. पोर्टलची टेबलं रुंद असतात, १४ किंवा २४ सेंमीत ती तुटतात आणि तुम्ही आडवं सरकवत बसता. १४ तारखेला जीएसटीआर-२बी तयार होतो, तो उतरवून घेतला की ताळमेळाच्या वेळी पोर्टलची गरजच नसते. म्हणून पोर्टल मधल्या ३३ सेंमीच्या पट्ट्यात एक्सेलच्याच मागे ठेवा. एकाच पट्ट्यातल्या खिडक्या Win+PgDn ने पुढे-मागे होतात. जीएसटीआर-३बी भरायच्या दिवशी मात्र एक्सेल आणि पोर्टल दोन्ही एकदम लागतात आणि पीडीएफ लागत नाही. त्या दिवसासाठी अर्धा-अर्धा अशी दुसरी मांडणी करून ठेवा, दोघांना साडेपस्तीस सेंमी मिळतात. दोन्ही मांडण्यांना १ आणि २ असे क्रमांक द्या, मग Win+Ctrl+Alt+2 दाबलं की पट्टे बदलतात. ताळमेळाची एक मांडणी आणि रिटर्न भरायची एक, याहून जास्त करू नका. पाच-सहा केल्या की कोणती कुठली हेच लक्षात राहत नाही.

हे करताना तीन ठिकाणी अडाल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

एक म्हणजे डिजिटल सहीचा प्रोग्रॅम किंवा एखादं हिशेबाचं सॉफ्टवेअर पट्ट्यात बसायलाच तयार होणार नाही. Shift धरा, ओढा, काही फरक नाही, आणि बाकीच्या खिडक्या मात्र नीट बसतायत. असं झालं की तो प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालतोय हे ओळखा. साध्या अधिकारावर चालणारं पॉवरटॉइज त्याला हात लावू शकत नाही. पॉवरटॉइजच्या General पानावर ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून सुरू करण्याची सोय आहे, ती वापरा.

दुसरी अडचण १५०% केल्यावर लगेच दिसेल. खालच्या टास्कबारची अक्षरं कोरल्यासारखी स्वच्छ, आणि जुन्या सॉफ्टवेअरची मात्र धुरकट. त्या सॉफ्टवेअरला स्केल कळत नाही, म्हणून विंडोज त्याचं लहान चित्र काढून ताणते. पुष्कळ जण हे बघून चिडून सगळ्याच पडद्याचं स्केल परत १००% करतात. तसं करू नका, त्या एकाच प्रोग्रॅमचा इलाज करा. त्याच्या आयकॉनवर उजवं क्लिक करून Properties, मग Compatibility, मग Change high DPI settings उघडा. खालच्या Override high DPI scaling behavior वर खूण करून System (Enhanced) निवडा आणि प्रोग्रॅम बंद करून परत उघडा. जुन्या पद्धतीच्या बऱ्याच प्रोग्रॅमची अक्षरं यात स्वच्छ होतात. काहींची रचना बिघडते, बटणं एकमेकांवर चढतात. तसं झालं तर खूण काढून टाका. तो प्रोग्रॅम धुरकट चालेल, पण निदान अक्षर मोठं राहील.

तिसरी केबलची. जुन्या मॉनिटरचीच एचडीएमआय केबल नव्याला लावली असेल तर एकदा Settings मध्ये System, Display, Advanced display इथे जाऊन बघा. तिथे ३० हर्ट्झ दिसत असेल, तर संगणक किंवा केबल जुन्या एचडीएमआय १.४ ची आहे. माउस ओढल्यावर मागे मागे येतो ते त्यामुळेच. कधी कधी ६० हर्ट्झ दिसतो, पण रंगीत अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसतात. तपासायला एक्सेलमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर लाल आकडे लिहा आणि शेजारी पांढऱ्यावर काळे. काळे स्वच्छ आणि लाल फुटलेले दिसले, तर कमी रुंदीच्या मार्गातून चित्र पाठवायला रंगाची माहिती गाळली जातेय. फरकाचा कॉलम लाल रंगात दाखवायची आपल्याकडे सवय आहे, म्हणून नेमका तोच कॉलम वाचायला त्रास होतो. संगणकाला डिस्प्लेपोर्ट असेल तर त्याची केबल लावा, मग बहुतेक वेळा दोन्ही तक्रारी एकदम मिटतात.

पावसाळ्यात वीज येत-जात राहते तेव्हा आणखी एक होतं. संगणक इन्व्हर्टरवर आणि मॉनिटर नुसत्या बोर्डवर असेल, तर मॉनिटर बंद होऊन परत लागताना सगळ्या खिडक्या एका कोपऱ्यात गोळा झालेल्या दिसतात. Display मधल्या Multiple displays खाली खिडक्यांची जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू आहे का बघा, आणि FancyZones मधला पडद्याचं रेझोल्यूशन बदललं तरी खिडक्या पट्ट्यात ठेवण्याचा पर्यायही चालू करा. त्याहून सोपं म्हणजे मॉनिटरची पिन संगणकाच्याच इन्व्हर्टर बोर्डावर लावा.

तुमच्या ऑफिसात पन्नाशीच्या पुढचं कोणी याच पडद्यावर बसत असेल, तर त्यांच्यासाठी १५०% सुद्धा कमी पडेल. त्यांच्या लॉगिनमध्ये १७५% ठेवा. मग एका सेंटीमीटरला ३६ ऐवजी ३१ उरतात, आणि एक्सेलचे तेच कॉलम ३३ ऐवजी ३८ सेंमी मागतात. २४ चं बिल आणि ३८ ची एक्सेल मिळून ६२ होतात, उरलेल्या ९ सेंमीत कुठलीच खिडकी मावणार नाही. त्या लॉगिनमध्ये दोनच पट्टे आखा, २७ आणि ४४, आणि व्हॉट्सअॅप बिलाच्या पट्ट्यात मागे ठेवा, Win+PgDn ने पुढे येईल.